दुसऱ्या खिडकीतलं हाड

जुन्या गोव्यात बॉम जेझू बॅसिलिकाकडून पश्चिमेला चढ लागतो. त्या टेकडीवर सेंट ऑगस्टीनच्या चर्चचा मनोरा अर्धाच उभा आहे. तो पंचेचाळीस-सेहेचाळीस मीटर उंच आहे. जांभ्याचा रंग पावसात काळा पडतो आणि उन्हाळ्यात पुन्हा तांबडा होतो. पर्यटक मनोऱ्याचे फोटो काढून परततात. मला मात्र त्याच्या मागचं मठाच्या अवशेषांचं रान जास्त ओढून घेतं. गुडघ्याएवढ्या भिंती, फरशीतल्या थडग्यांच्या शिळा, छप्पर नसलेल्या खोल्या. त्यांतल्या एका खोलीच्या एका खिडकीसाठी जॉर्जिया नावाच्या देशातली माणसं सोव्हिएत काळापासून गोव्याच्या वाऱ्या करत होती. त्यांना एक हाड हवं होतं. ते त्यांच्या केतेवान राणीच्या हाताचं होतं.

हाड सापडलं. हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजीने, म्हणजे सीसीएमबीने, त्याचा डीएनए तपासला. शोधनिबंध २०१४ साली ‘माइटोकॉन्ड्रियन’ या नियतकालिकात छापून आला. त्याच्या शीर्षकात ‘बहुधा’ असा शब्द आहे: हा अवशेष बहुधा जॉर्जियाच्या केतेवान राणीचा आहे. बातम्यांमध्ये तो शब्द गळाला आणि ‘डीएनएने सिद्ध झालं’ असं वाक्य फिरू लागलं. मला हा गळालेला शब्द महत्त्वाचा वाटतो. एका हाडाच्या तुकड्यातून राणीचं वय, तिचं नातं आणि तिचं नाव यांपैकी काय हाती लागतं आणि काय लागत नाही, ते सगळं त्या एका शब्दात आहे.

केतेवान मुख्रानीच्या बाग्राती घराण्यातली. जॉर्जियाच्या पूर्वेकडच्या काखेती राज्याच्या दावित राजाशी तिचं लग्न झालं. दावित फार दिवस जगला नाही. १६०५ मध्ये त्याच्या भावाने, कॉन्स्टन्टीनने, इराणच्या शाह अब्बासच्या पाठिंब्याने खुद्द बापाला मारून गादी बळकावली. तेव्हा केतेवानने सरदारांना हाताशी धरून बंड केलं, कॉन्स्टन्टीनला हटवलं आणि आपला मुलगा तैमुराझ याला राजा केलं. तो लहान असेपर्यंत कारभार तिनेच पाहिला. पुढे शाह अब्बासची फौज काखेतीच्या वेशीवर आली तेव्हा ती ओलीस म्हणून शाहकडे गेली. दहाएक वर्षं शिराझमध्ये नजरकैदेत काढली. धर्म सोडायला नकार दिला म्हणून सप्टेंबर १६२४ मध्ये तापवलेल्या लोखंडाने तिचा छळ करून तिला मारलं. तेव्हा ती साठीच्या आसपास होती.

शिराझमध्ये त्या वेळी पोर्तुगीज ऑगस्टिनियन पाद्री होते. त्यांनी तिचं प्रेत गुपचूप उकरलं. काही अवशेष जॉर्जियात तिच्या मुलाकडे पोचवले आणि काही १६२७ मध्ये गोव्याला, आपल्या मठात आणले. पोर्तुगीज कागदांत जागा अगदी नेमकी लिहिली आहे: चॅप्टर चॅपेलमध्ये, एपिस्टलच्या बाजूच्या दुसऱ्या खिडकीत, दगडी पेटीत. वेदीकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला येते ती एपिस्टलची बाजू. पत्ता एवढा चोख असूनही माणसांना तो सापडत नव्हता, कारण खिडकीच उरली नव्हती. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मपंथांचे मठ बंद केले, १८४२ मध्ये चर्चचं छत कोसळलं आणि पुढच्या शतकात मनोऱ्याचाही निम्मा भाग गेला. दगड लोकांनी उचलून नेले. उरलेल्या ढिगाऱ्यात चॅप्टर चॅपेल कोणतं, तिथपासून प्रश्न होता.

त्यामुळे या शोधाचं पहिलं काम प्रयोगशाळेचं नव्हतं. जुने आराखडे आणि पाद्र्यांची वर्णनं वाचून पाया शोधत जाणं, कोणती भिंत कुठल्या काळातली ते ओळखणं, वेदी कुठे होती ते ठरवणं आणि मग उजवीकडच्या खिडक्या मोजणं, हे ते काम. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ते उत्खननातून केलं आणि चॅपेलच्या जागेतून हाडं बाहेर आली. हे मी आधी सांगतोय ते मुद्दाम. पुढे डीएनएचा निकाल येतो तेव्हा त्याचं वजन किती धरायचं, ते या खिडक्यांच्या मोजणीवर अवलंबून आहे.

आता हाड हातात आहे असं समजू. पहिला प्रश्न वयाचा. मराठीत ‘हाडाचं वय’ म्हटलं की दोन वेगळे प्रश्न एकाच शब्दात मिसळतात. मरताना माणूस किती वर्षांचा होता हा एक, आणि मरून किती वर्षं झाली हा दुसरा.

मरतानाचं वय सांगणाऱ्या जागा सांगाड्यात ठरावीक आहेत. कटीच्या पुढच्या बाजूला दोन हाडं जिथे भेटतात तो सांधा, कटी आणि माकडहाडाच्या वरचा भाग जिथे जुळतो तो खडबडीत पृष्ठभाग, बरगड्यांची छातीकडची टोकं. वयाबरोबर या जागांचा पोत बदलत जातो. तरुणपणी तिथे लाटांसारख्या कडा असतात, त्या हळूहळू सपाट होतात, मग झिजतात आणि छिद्राळ होतात. मुलांमध्ये दात आणि हाडांची टोकं जुळण्याचा क्रम फार नेमका असतो, तिथे एक-दोन वर्षांच्या फरकाने वय सांगता येतं. हाताच्या हाडाची टोकं मात्र विशीच्या आत-बाहेर जुळून जातात. त्यानंतर ते हाड तीस वर्षांच्या माणसाचं आणि साठ वर्षांच्या माणसाचं जवळजवळ सारखं दिसतं. आतल्या पेशीरचनेचा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर काही अंदाज येतो, पण तोही दहा-दहा वर्षं इकडे-तिकडे. म्हणजे हाताचं एकटं हाड मिळालं, तर माणूस प्रौढ होता एवढं ठामपणे म्हणता येतं. केतेवानची साठी त्यातून वाचता येत नाही. डीएनएच्या अक्षरांतही वय लिहिलेलं नसतं. जन्मताना जो क्रम असतो तोच मरताना.

पूर्ण सांगाडा असला की चित्र किती पालटतं याचं जवळचं उदाहरण इंग्लंडचा तिसरा रिचर्ड. ऑगस्ट १४८५ मध्ये बॉस्वर्थच्या लढाईत तो पडला आणि लेस्टरच्या ग्रेफ्रायर्स मठात त्याला घाईने पुरलं. २०१२ मध्ये लेस्टर विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी एका कार पार्किंगखाली खणून त्या मठाची जागा काढली आणि सांगाडा मिळाला. पावलं सोडली तर जवळपास अख्खा. कटी होती, बरगड्या होत्या. हाडं वाचणाऱ्यांनी वय तीस ते चौतीस ठरवलं. रिचर्ड बत्तीस वर्षांचा होता. पाठीचा कणा बाजूला वळलेला होता, कवटीवर शस्त्रांच्या जखमा होत्या. तरीही वय नेमकं निघालं म्हणून ओळख पटली असं कुणी म्हटलं नाही, कारण तिशीतले पुरुष त्या मठात इतरही पुरलेले असू शकतात. वय जुळलं नाही तर माणूस बाद होतो. जुळलं तर तो यादीत राहतो.

दुसरा प्रश्न, मरून किती वर्षं झाली, हा रेडिओकार्बनचा. हाडातल्या कोलॅजेनमधल्या कार्बनचं मोजमाप आधी ‘कार्बन-वर्षां’त येतं, मग झाडांच्या वाढवलयांवरून बनवलेल्या आलेखाने ते दिनदर्शिकेच्या वर्षांत बदलावं लागतं. हा आलेख सरळ उतरत नाही. काही शतकांत तो उताराऐवजी पठारासारखा पसरतो किंवा नागमोडी होतो, कारण वातावरणातल्या त्या कार्बनचं प्रमाण कमी-जास्त होत होतं. साधारण १५०० ते १६४० हा असाच नागमोडी पट्टा आहे. त्या पट्ट्यातल्या एका मोजमापाला पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून सतराव्याच्या मध्यापर्यंत कुठलंही वर्ष जुळू शकतं. केतेवान १६२४ मध्ये गेली. गोव्यातला ऑगस्टिनियन मठ सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभा राहिला. १५८० मध्ये गोव्यात वारलेला पोर्तुगीज पाद्री आणि १६२४ मध्ये शिराझला मारलेली राणी यांना वेगळं करणं या पद्धतीला झेपणारं नाही. रिचर्डच्या वेळी आणखी एक घोळ झाला. पहिली मोजमापं बॉस्वर्थच्या बरीच आधीची निघाली. जेवणात समुद्री मासे भरपूर असले की शरीरात समुद्रातला जुना कार्बन शिरतो आणि हाड खऱ्यापेक्षा जुनं दिसतं. त्याची दुरुस्ती केली तेव्हा १४८५ हे वर्ष मर्यादेत बसलं. गोव्यात आयुष्य काढलेल्या माणसाच्या हाडाला ही दुरुस्ती लागणारच.

वयाने वाट अडवली की डीएनएकडे वळावं लागतं. इथे सगळ्यात मोठा शत्रू आपला पाऊस. डीएनए थंडीत आणि कोरड्यात टिकतो. गोव्याची दमट उष्णता आणि जांभ्याची आम्ल माती त्याचे लवकर तुकडे करतात. पेशीच्या केंद्रकातला डीएनए प्रत्येक पेशीत दोनच प्रतींत असतो, एक आईकडची आणि एक बापाकडची. त्यातलं फार थोडं हाती लागतं. म्हणून जुन्या, उष्ण प्रदेशातल्या हाडांवर काम करणारे आधी माइटोकॉन्ड्रियातल्या डीएनएकडे जातात. पेशीत ऊर्जा तयार करणारे हे छोटे कण शेकड्यांनी, हजारांनी असतात आणि प्रत्येकात साडेसोळा हजार अक्षरांची, नेमकं सांगायचं तर १६,५६९ अक्षरांची, स्वतःची छोटी गोल पोथी असते. प्रती इतक्या असल्या की काही तुकडे वाचतात.

काम कसं होतं ते थोडक्यात सांगतो, कारण चूक इथेच शिरते. हाडाचा वरचा थर खरवडून टाकतात, आतून बारीक भुकटी काढतात, हाडातलं कॅल्शियम आणि प्रथिनं विरघळवतात आणि मोकळा झालेला डीएनए सिलिकावर चिकटवून धुऊन घेतात. हे करणारा माणूस डोक्यापासून पायापर्यंत झाकलेला असतो, तरी त्याचा श्वास, त्याची त्वचा, आधी उत्खनन करणाऱ्याचा घाम, हाड पुसणाऱ्याचा हात, सगळे आपापला डीएनए ठेवून गेलेले असतात. हा ताजा डीएनए जुन्यापेक्षा कितीतरी जास्त शाबूत असतो, त्यामुळे यंत्र आधी त्यालाच वाचतं. जुनेपणाची एक खूण मात्र बनावट करता येत नाही. शतकानुशतकं पडून राहिलेल्या तुकड्यांच्या टोकांशी सी हे अक्षर झिजून टीसारखं वाचलं जातं. वाचलेल्या तुकड्यांत ही झीज दिसली तर डीएनए जुना. शिवाय हाड न घालता तोच प्रयोग कोरा चालवतात. कोऱ्या नळीतही डीएनए निघाला तर सगळं टाकून द्यायचं.

सीसीएमबीच्या तपासणीत त्या हाडाच्या माइटोकॉन्ड्रियल डीएनएचा गट निघाला यू१बी. हा गट भारतीय उपखंडातल्या बावीस हजारांहून जास्त लोकांच्या नोंदींत नव्हता. जॉर्जियातल्या तीस जणांचे नमुने तपासले, त्यांतल्या दोघांत तो मिळाला. आणि चॅपेल, खिडकी, कागदपत्रं यांच्याशी हे सुसंगत आहे, म्हणून ‘बहुधा’.

या निष्कर्षाची एक बाजू फार भक्कम आहे. हाड खणणारे, हाताळणारे आणि तपासणारे मुख्यतः भारतीय होते. त्यांच्यातल्या कुणाचा डीएनए हाडावर चढला असता तर गट भारतीय निघाला असता. भारतात न सापडणारा गट निघाला, म्हणजे हे संशोधकांचंच प्रतिबिंब असावं ही भीती बऱ्यापैकी मिटते. एखाद्या स्थानिक माणसाचं हाड ढिगाऱ्यात मिसळलं असेल ही शंकाही तशीच मागे पडते.

पण बावीस हजार भारतीयांशी तुलना केली की उत्तर मिळतं ते ‘हे हाड भारतीय मातृवंशातलं आहे का’ या प्रश्नाचं. ऑगस्टिनियन मठात पुरलेली माणसं कोण होती ते आठवून पाहा. पोर्तुगालहून आलेले पाद्री, पोर्तुगीज अधिकारी, श्रीमंत दानशूर, त्यांच्या बायका, लिस्बनहून आलेले आणि गोव्यातच जन्मलेले. होर्मुझच्या वाटेने आलेले आर्मेनियन, इराणी, सिरियन ख्रिस्ती माणसंही गोव्यात होती. केतेवानचे खरे प्रतिस्पर्धी हे. आणि यू१ हा गट कॉकेशसपुरता बंदिस्त नाही. पश्चिम आशियात तो पसरलेला आहे आणि भूमध्य समुद्राच्या काठाने युरोपातही कमी प्रमाणात आढळतो. प्रश्न विचारायचा तो असा: हे हाड केतेवानचं असेल तर यू१बी निघण्याची शक्यता किती, आणि एखाद्या पोर्तुगीज पाद्र्याचं असेल तर किती?

हिशेब करून पाहू. जॉर्जियात तीसपैकी दोन म्हणजे शंभरात सुमारे सात. समजा पोर्तुगालमध्ये हा गट दोनशेत एक असेल. हा आकडा मी केवळ उदाहरणासाठी घेतोय. तर मग यू१बी निघणं हे पोर्तुगीज हाडापेक्षा जॉर्जियन हाडाकडे सुमारे तेरापट झुकतं. आता त्या चॅपेलच्या ढिगाऱ्यात पोर्तुगीज माणसांची तेरा हाडं आणि केतेवानचं एक अशी परिस्थिती असती, तर हा निकाल येऊनही पारडं जेमतेम बरोबरीत येतं. आणि जर खिडकीची जागा पक्की असेल, तिथे दुसरं कुणी पुरलेलंच नसेल, तर आधीच पारडं केतेवानकडे झुकलेलं आहे आणि तेरापट म्हणजे खूप झालं. निकाल तोच, पण खिडक्या किती विश्वासाने मोजल्या यावर त्याचा अर्थ बदलतो. उत्खननाचा भाग मी आधी सांगितला तो यासाठी.

तीस नमुने हा आकडाही छोटा आहे. तीसांत दोन निघाले तेव्हा देशात खरं प्रमाण शंभरात एक असू शकतं किंवा वीसपर्यंतही जाऊ शकतं. तेरापट हा गुणक त्याबरोबर खाली-वर होतो. शंभरातल्या साधारण त्र्याण्णव जॉर्जियन बायकांत यू१बी नसतोच, हेही लक्षात ठेवायला हवं. केतेवानचा गट एच असता, जो पोर्तुगाल आणि जॉर्जिया दोन्हीकडे भरपूर आहे, तर हाड तिचंच असूनही तपासणी मुकी राहिली असती. सीसीएमबीच्या हाती दुर्मीळ गट लागला हे या प्रकरणातलं भाग्य.

गट जुळणं आणि नातं जुळणं यांत मोठं अंतर आहे. गट म्हणजे हजारो वर्षांपूर्वीच्या एका बाईच्या सगळ्या लेकी-नातींची शाखा. तो सांगतो ‘या शाखेतली कुणीतरी’. नातं जुळवायचं तर १६,५६९ अक्षरांचा सगळा क्रम लावून त्याच शाखेतल्या एखाद्या ओळखीच्या माणसाच्या क्रमाशी तो ताडायला हवा. रिचर्डच्या वेळी नेमकं हेच झालं. माइटोकॉन्ड्रियल डीएनए आईकडूनच येतो, म्हणून रिचर्डची बहीण, यॉर्कची अ‍ॅन, हिच्यापासून आई-मुलगी, आई-मुलगी अशी साखळी धरत संशोधक आजपर्यंत आले. दोन माणसं सापडली. एकाचा क्रम रिचर्डशी अक्षरन् अक्षर जुळला, दुसऱ्याचा एका अक्षराने वेगळा निघाला. इतक्या पिढ्यांत एखादं अक्षर बदलणं अपेक्षितच असतं. तो क्रम युरोपातल्या हजारो लोकांच्या नोंदींत दुसऱ्या कुणात नव्हता.

ही साखळी मिळणं किती अवघड आहे ते आपल्याकडचे कुलवृत्तांत चाळले की कळतं. कोकणस्थांच्या, देशस्थांच्या त्या जाडजूड ग्रंथांत पुरुषांची वीस-वीस पिढ्यांची नावं असतात, आणि मुलगी लग्न करून गेली की तिची रेघ तिथेच संपते. पुष्कळदा तर नावही नसतं, नुसतं ‘कन्या’. माइटोकॉन्ड्रियल डीएनएला हव्या असतात नेमक्या ह्याच संपलेल्या रेघा. सगळीकडे वंशावळी अशाच लिहिल्या गेल्या. रिचर्डच्या बहिणीची साखळी शोधायला वंशावळतज्ज्ञांना किती दप्तरं चाळावी लागली असतील याचा अंदाज करता येतो.

बापाकडच्या वंशाने तर रिचर्डच्या बाबतीत धक्काच दिला. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं. तिसऱ्या एडवर्ड राजाच्या पुरुष वंशात रिचर्डही येतो आणि बोफर्टच्या ड्यूकांचं घराणंही. त्या घराण्यातल्या पाच जिवंत पुरुषांचं वाय तपासलं. पाचपैकी एकाचंही रिचर्डशी जुळलं नाही. पाचांतले चार आपसांत जुळले, पाचवा त्यांच्याशीही जुळला नाही. कुठल्या तरी पिढीत कागदावरचा बाप आणि खरा बाप वेगळे होते. ती पिढी कोणती, ते डीएनए सांगू शकत नाही. रिचर्ड आणि ते ड्यूक यांच्या मध्ये एवढ्या पिढ्या आहेत की तुटलेली कडी त्यांत कुठेही असू शकते. म्हणून संशोधकांनी वायचा निकाल ओळख मोडीत काढणारा पुरावा म्हणून धरला नाही. असे अपवाद प्रत्येक पिढीत थोडेथोडे घडतात, आणि इतक्या पिढ्यांत एखादा घडणं सहज शक्य होतं. मग वय, जखमा, कण्याचा बाक, मठाची जागा, काळ आणि मातृवंश या सगळ्यांचा एकत्र हिशेब लावून त्यांनी सांगितलं: सांगाडा रिचर्डचा असण्याची शक्यता किमान ९९.९९९ टक्के. एकट्या डीएनएच्या जोरावर हा आकडा निघाला नव्हता.

केतेवानपाशी परत येऊ. यू१बी हा गट ‘कुणी स्त्री होती’ असंही सांगत नाही. माइटोकॉन्ड्रियल डीएनए बाईचा आणि पुरुषाचा सारखाच असतो, मुलाला तो आईकडूनच आलेला असतो. स्त्री की पुरुष, हे केंद्रकातल्या डीएनएतून ठरतं. एक्स आणि वाय या दोन्ही गुणसूत्रांवर दातांच्या आवरणाशी संबंधित एक जनुक आहे, पण दोन्हींवर त्याची लांबी थोडी वेगळी असते. दोन लांबीचे तुकडे निघाले तर पुरुष, एकच निघाला तर स्त्री. इथेही सावध राहावं लागतं. फार झिजलेल्या हाडात वायचा तुकडा नुसता हरवलेला असू शकतो आणि पुरुष स्त्री म्हणून मोजला जातो. म्हणून आता सगळ्या गुणसूत्रांवरून मिळालेल्या तुकड्यांची संख्या मोजतात आणि एक्सवर किती पडले, वायवर किती, यांचं गुणोत्तर काढतात. पुरुषांच्या मठातल्या चॅपेलमध्ये, दुसऱ्या खिडकीच्या परिसरात मिळालेलं हाड स्त्रीचं निघणं हेही वजनदार असतं, कारण पुराव्यांचा हा धागा गटाच्या प्रमाणांवर अवलंबून नसतो. पोर्तुगीज पाद्र्यांची सगळी यादी त्याने एका फटक्यात बाद होते.

आणखी एक साखळी प्रयोगशाळेच्या आवाक्याबाहेरची आहे. पाद्र्यांनी शिराझमध्ये उकरलेला देह केतेवानचाच होता, वाटेत पेटीतली हाडं बदलली नाहीत, गोव्यात दुसरा अवशेष त्या पेटीत कुणी ठेवला नाही, हे सगळं कागदांवर विश्वास ठेवूनच मानावं लागतं. त्या काळी संतांचे अवशेष मौल्यवान होते. ते वाटले जायचे, मागितले जायचे, भेट दिले जायचे. हाड जॉर्जियन स्त्रीचं निघालं तरी ‘शिराझमध्ये राहणारी दुसरी कुणी जॉर्जियन स्त्री’ ही शक्यता शिल्लक राहते. शाह अब्बासने कॉकेशसमधून माणसं आणून इराणभर वसवली होती, त्यामुळे ही शक्यता पोकळ नाही.

‘बहुधा’ला पुढे न्यायचं असेल तर मला दिसणारी वाट तैमुराझकडे जाते. तो केतेवानचा मुलगा, राजा आणि कवी. म्हातारपणी तोही इराणच्या कैदेत पडला, १६६३ मध्ये अस्त्राबादला वारला आणि काखेतीतल्या अलावेर्दीच्या कॅथेड्रलमध्ये त्याला पुरलं असं सांगतात. त्याच्या हाडातला माइटोकॉन्ड्रियल डीएनए आईचाच असणार. गोव्यातल्या हाडाचा पूर्ण क्रम आणि तैमुराझचा क्रम अक्षरन् अक्षर जुळला, तर गट वगैरे बाजूला राहतो. तिथून पुढे केंद्रकातला डीएनए जुळवला, तर आई आणि मुलगा यांत जसा निम्मा डीएनए हुबेहूब असतो तसा तो आहे का तेही पाहता येतं. मामा-भाच्याला, बहीण-भावाला किंवा दूरच्या नातेवाईकांना तो नमुना जुळत नाही, त्यामुळे इतकं जुळलं तर फक्त तैमुराझच्या आईचं नाव उरतं. अलावेर्दीत उघडलेली कबर तैमुराझचीच आहे का, हा प्रश्न मात्र तिथेही पहिला येईल, आणि त्याचं उत्तर पुन्हा जुने आराखडे आणि शिळांवरचे लेख यांतूनच काढावं लागेल.

२०१७ मध्ये जॉर्जियाच्या विनंतीवरून गोव्यातला अवशेष दर्शनासाठी तिथे पाठवला गेला. मुदत सहा महिन्यांची होती, ती वाढवावी लागली, कारण लोकांच्या रांगा थांबेनात. जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर तिबिलिसीला गेले तेव्हा अवशेषाचा एक भाग भारताने जॉर्जियाला कायमचा भेट दिला. तिथले पाद्री त्याला संताचं हाड म्हणून स्वीकारतात आणि त्याचं चुंबन घेतात. मिळालेल्या गटाचं नाव त्यांनी विचारलेलं नाही, आणि विचारायची त्यांना गरजही वाटत नसणार. तपासणीला दर वेळी हाडाची थोडी भुकटी लागते आणि ती परत येत नाही. तिथल्या चर्चने संताचं हाड आणि राजाची कबर, दोन्ही ड्रिलखाली द्यायची का, हे त्यांचं त्यांनी ठरवायचं आहे.

मी शेवटचा टेकडीवर गेलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. चॅप्टर चॅपेलच्या जागी फरशीच्या फटींतून गवत उगवलं होतं. वेदीची जागा समजून तिकडे तोंड केलं आणि उजव्या हाताची भिंत मोजली. पहिली खिडकी ओळखता आली. दुसरीच्या जागी जांभ्याच्या दोन ओळी होत्या, त्यावर शेवाळ होतं.